पगार माझा, लाभांश दोघींचा

आमच्या कंपनीचे भागधारक दोनच. साठ टक्के शेअर माझ्या नावावर, चाळीस टक्के आईच्या. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आम्ही मशिनांची कंट्रोल पॅनल बनवतो. आई सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. २०१७ साली निवृत्त झाली तेव्हा हातात आलेल्या पैशांतले आठ लाख तिने कंपनीत घातले, बारा लाख मी घातले, आणि कंपनी उभी राहिली. ती गाळ्यावर कधीच काम करत नाही. वर्षातून दोन-चार कागदांवर सही करते आणि दसऱ्याला पूजेला येते.

पहिली काही वर्षं नफा एवढा लहान होता की तो कसा काढायचा हा प्रश्नच नव्हता. आता आहे. माझा पगार धरण्याआधी कंपनीला वर्षाला साधारण चाळीस लाख उरतात. हे पैसे आमच्यापर्यंत यायचे कायदेशीर रस्ते दोन. कंपनी मला काम करणारी संचालक म्हणून पगार देते, किंवा नफ्यातून भागधारकांना लाभांश देते. दोन्ही रस्त्यांवर कर आहे, पण सारखा नाही. कोणत्या रस्त्याने एकूण कर कमी, हे गणित मी समजून घेतलं. ते समजल्यावर कळलं की आमच्या घरात हा प्रश्न फक्त कराचा नाहीच.

खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि प्राप्तिकराच्या नव्या करप्रणालीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होतोय, त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून क्रमांकांत फार न शिरता गोष्ट सांगते.

शंभर रुपयांचा प्रवास

समजा कंपनीने शंभर रुपये नफा कमावला आणि तो मला पगार म्हणून दिला. पगार हा कंपनीचा खर्च. तो वजा होतो, म्हणून त्या शंभरावर कंपनी काहीच कर भरत नाही. कर भरते मी, माझ्या स्लॅबप्रमाणे. मी सगळ्यात वरच्या तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेन, तर चार टक्के उपकर धरून ३१ रुपये २० पैसे जातात. हातात ६८ रुपये ८० पैसे.

आता तेच शंभर रुपये लाभांश म्हणून दिले. लाभांश हा खर्च नाही. कंपनी आधी कर भरते आणि मग उरलेल्यातून वाटते. आमची कंपनी बावीस टक्क्यांच्या सवलतीच्या दरात आहे, अधिभार आणि उपकर धरून तो २५.१६८ टक्के होतो. म्हणजे २५ रुपये १७ पैसे गेले, उरले ७४ रुपये ८३ पैसे. ते माझ्या खात्यात आले की माझं ‘इतर उत्पन्न’ ठरतात आणि त्यावर पुन्हा माझ्या स्लॅबचा कर. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आणखी २३ रुपये ३५ पैसे जातात. हातात राहतात ५१ रुपये ४८ पैसे.

एकाच शंभरातून एका रस्त्याने ३१ रुपये कर, दुसऱ्याने साडेअठ्ठेचाळीस. खालच्या कुठल्याही स्लॅबमध्ये हीच तुलना केली तरी एकाच माणसासाठी पगार स्वस्तच पडतो, कारण लाभांशावर कंपनीचा सव्वापंचवीस टक्के कर आधीच लागून गेलेला असतो.

मी एकटीच मालक असते आणि चाळीसच्या चाळीस लाख पगार घेतला असता, तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ३९ लाख २५ हजारांवर माझा कर ७ लाख ८७ हजार ८०० झाला असता. चाळीस लाखांवर आधी कंपनीचा कर भरून उरलेलं सगळं लाभांश म्हणून घेतलं असतं, तर कंपनीचा आणि माझा मिळून कर १५ लाख ३ हजारांच्या वर. फरक सात लाखांहून जास्त. आमच्याकडे तेवढ्यात एका कामगाराचं दोन वर्षांचं काम निघतं.

मग ‘पगार कमी घ्या, लाभांश जास्त घ्या’ हा सल्ला येतो कुठून? दोन ठिकाणांहून. एक म्हणजे जुना काळ. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनीच भरायची, तो वाटलेल्या रकमेच्या २०.५६ टक्के पडायचा आणि भागधारकाच्या हातात दहा लाखांपर्यंतचा लाभांश करमुक्त असायचा. वरच्या स्लॅबमधल्या माणसाला तेव्हाही लाभांश पगारापेक्षा महागच होता, पण आजच्याइतका नाही, आणि हातात आलेले पैसे ‘टॅक्स-फ्री’ दिसायचे. तो शब्द लोकांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. दुसरं ठिकाण म्हणजे मोबाइलवर दिसणारे ब्रिटनमधले व्हिडिओ. तिकडे पगारावर नॅशनल इन्शुरन्स लागतो, मालकाचाही आणि नोकराचाही. लाभांशावर तो लागत नाही. म्हणून तिथले छोटे कंपनीवाले थोडा पगार आणि बाकी लाभांश घेतात. तिथे ते बरोबर असेल. इकडे ते गणित उचलून आणलं की उलटं पडतं.

पगार किती वर न्यायचा

पगार स्वस्त म्हणून सगळा नफा पगारातच काढायचा का? इथे तिसरा पर्याय येतो, जो लोक मोजायला विसरतात: पैसे काढायचेच नाहीत, कंपनीतच ठेवायचे.

कंपनीत ठेवलेल्या शंभरावर आज २५ रुपये १७ पैसे कर लागतो. तो शंभर पगार म्हणून घेतला तर माझा दर माझ्या स्लॅबवर ठरतो. नव्या प्रणालीत चार लाखांपर्यंत शून्य, मग दर चार लाखांच्या टप्प्याला पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस टक्के आणि चोवीस लाखांच्या वर तीस. म्हणजे करपात्र वीस लाखांपर्यंत माझा कुठलाही रुपया उपकरासह २०.८ टक्क्यांहून जास्त कर देत नाही. कंपनीच्या दरापेक्षा तो कमीच. वीस ते चोवीस लाखांच्या टप्प्यात २६ टक्के, म्हणजे जवळजवळ बरोबरी. चोवीसच्या वर एकदम ३१.२.

म्हणून चोवीस लाखांपर्यंतचा पगार घेण्यात करदृष्ट्या तोटा जवळपास नाही. त्याच्यावरचा प्रत्येक शंभर मात्र कंपनीत राहिला तर आज सहा रुपये वाचतात. आम्हाला तो कंपनीत लागतोही. ग्राहक पैसे देतो साठ-नव्वद दिवसांनी, आणि तांब्याच्या पट्ट्या, स्विचगिअर, केबल यांचे पैसे आधी मोजावे लागतात. ते भांडवल घरचं नसेल तर बँकेकडून व्याजाने आणावं लागतं.

पण कंपनीत ठेवलेला रुपया कायमचा सुटलेला नसतो, हे विसरू नये. तो पुढे कधीतरी लाभांश म्हणून काढला की घेणाऱ्याच्या स्लॅबचा कर लागेलच. तेव्हाही मी वरच्या स्लॅबमध्येच असेन, तर एकूण साडेअठ्ठेचाळीसच होणार. फक्त उशिरा. पैसे कंपनीत ठेवणं फायद्याचं दोन वेळा: धंद्याला त्यांचा खरंच उपयोग असेल तेव्हा, किंवा पुढे ते अशा हातात जाणार असतील ज्यांचा स्लॅब खाली आहे.

असे हात आमच्या घरात आधीपासूनच आहेत.

आईचे शंभर रुपये

आईचं पेन्शन वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि लाभांश स्लॅबच्याच दराने मोजला जात असल्याने तोही त्यात बसतो. म्हणजे आईला दोन-चार लाख लाभांश मिळाला तरी तिच्या हातात कर काहीच नाही. तिच्या शंभर रुपयांवर एकूण कर फक्त कंपनीचा: २५ रुपये १७ पैसे. माझ्या वरच्या स्लॅबमधल्या पगाराच्या शंभरापेक्षा सहा रुपये स्वस्त.

इथे बरेच जण लगेच बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावावर शेअर करायचा विचार करतात. तो मार्ग बंद आहे. नवऱ्याने बायकोला पुरेसा मोबदला न घेता शेअर दिले, तर त्यावरचा लाभांश नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. पगाराचंही तसंच. कंपनीत वीस टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या माणसाच्या जोडीदाराला कंपनी पगार देत असेल, आणि तो पगार जोडीदाराच्या स्वतःच्या तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेमुळे नसेल, तर तो मालकाच्याच उत्पन्नात मिळवला जातो. आईवडिलांना आणि सज्ञान मुलांना हा नियम लागू नाही. आणि आमच्या बाबतीत तर आईने शेअर स्वतःच्या पैशांनी, पहिल्याच दिवशी घेतलेत. कुणी कुणाला काही दिलेलंच नाही.

मग आईलाच लाभांश द्यावा आणि मी घेऊ नये, असं का नाही? कारण लाभांश शेअरच्या प्रमाणात जातो. आईला चाळीस द्यायचे तर मलाही साठ घ्यावे लागतात, आणि माझ्या साठांवर साडेअठ्ठेचाळीसचा दर. दोघींचा मिळून लाभांशाचा दर काढला तर ३९.२ टक्के येतो. खासगी कंपनीला आपल्या नियमावलीत तरतूद करून वेगळ्या हक्कांचे शेअर काढता येतात. पण ते आधीपासून कागदावर असावं लागतं आणि त्याला करापलीकडचं कारण असावं लागतं. केवळ या हिशेबासाठी ते करू नका, असं आमच्या सीए मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

त्यांनी तिसरा उपाय सुचवला, आणि आकड्यांत तो सगळ्यात सोपा होता. “लाभांश देऊच नका. तुम्ही पगार घ्या आणि त्यातून आईला दरवर्षी पैसे द्या. मुलीकडून आईला आलेल्या भेटीवर कर नाही.” त्यांचं बरोबर होतं. पाच लाख लाभांश वाटायला कंपनीचा ६ लाख ६८ हजार नफा खर्ची पडतो आणि दोघींच्या हिशेबाने त्यातले २ लाख ६१ हजार करात जातात. तोच नफा मी वाढीव पगार म्हणून घेतला तर २ लाख ८ हजार. वर्षाला त्रेपन्न हजारांचा फरक.

मी हे घरी जेवताना आईला समजावून सांगितलं. तिने आकडे शांतपणे ऐकले.

“म्हणजे पैसे मला तेवढेच मिळणार?”

“तेवढेच. उलट वाचलेल्यातले थोडे जास्तच देईन.”

“तू देणार.” ती म्हणाली. “आणि धाकट्याच्या मुलीच्या फीला मी त्यातले पन्नास हजार दिले, तर तुला सांगावं लागेल ना?”

“छे, कशाला?”

“तू विचारणार नाहीस गं. पण मला सांगावंसं वाटेल. माझ्या पेन्शनचे पैसे देताना तसं वाटत नाही.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि कराच्या तक्त्यातही नव्हतं.

माझा पगार कुणाच्या खिशातून जातो

त्या जेवणानंतर मी तक्ता उलट्या बाजूने मांडला. माझा पगार शंभराने वाढला की कंपनीचा करानंतरचा नफा ७४ रुपये ८३ पैशांनी कमी होतो. त्यातले चाळीस टक्के आईचे होते. म्हणजे माझ्या प्रत्येक वाढीव शंभरामागे आईच्या हिश्श्यातले तीस रुपये माझ्याकडे येतात. कर कमी करण्यासाठी सगळा नफा पगारात काढणं, याचा दुसरा अर्थ असा की ज्या बाईने आठ लाख घालून वाट पाहिली तिला काहीच मिळू नये. एकट्या मालकाला हा प्रश्न पडत नाही. भागीदार मित्र असोत, भाऊ असोत की आई, कंपनीत दुसरा भागधारक आला की पगार-लाभांशाचा प्रत्येक निर्णय वाटणीचाही निर्णय होतो.

गंमत अशी की इथे प्राप्तिकर खात्याचा प्रश्न आणि आईचा प्रश्न एकच निघाला: या कामाचा वाजवी पगार किती?

खात्याकडे यासाठी दोन हत्यारं आहेत. पहिलं, संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला दिलेला पगार कामाच्या बाजारभावापेक्षा जास्त वाटला, तर जास्तीची रक्कम खर्च म्हणून नाकारता येते. दुसरं बोनस आणि कमिशनसाठी. जी रक्कम एरवी लाभांश म्हणून मिळाली असती ती बोनस किंवा कमिशन म्हणून दिली, तर ती खर्चात धरली जात नाही. यावर प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबईतल्या विशेष पीठाचा २०११ चा निकाल प्रसिद्ध आहे, दलाल ब्रोचा स्टॉक ब्रोकिंग या कंपनीचा. कंपनीचे तीन संचालक हेच भागधारक होते. प्रत्येकाला चाळीस लाख कमिशन दिलं होतं आणि लाभांश दिला नव्हता. या कमिशनसाठी संचालकांनी काही वेगळी सेवा दिल्याचं दिसलं नाही, म्हणून ही लाभांशाऐवजी दिलेली रक्कम ठरली आणि वजावट गेली.

अशी वजावट नाकारली गेली की काय होतं, ते शंभरावर बघा. मला शंभर आधीच मिळालेत आणि त्यावर मी ३१ रुपये २० पैसे कर भरलाय. आता कंपनीलाही त्याच शंभरावर २५ रुपये १७ पैसे भरावे लागतात. एकूण ५६ रुपयांच्या वर, शिवाय व्याज. सरळ लाभांश दिला असता तर साडेअठ्ठेचाळीसच गेले असते. पगाराचा फायदा ज्या एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे कंपनीला मिळणारी वजावट. ती गेली की हा सगळ्यात महाग रस्ता होतो.

म्हणून आम्ही वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये, एक कागद केला. मी काय काय करते ते लिहिलं: ग्राहकाकडून ऑर्डर आणणं, पॅनलचं डिझाइन तपासणं, खरेदी, आणि साइटवर जाऊन पॅनल सुरू करून देणं. ही कामं करायला बाहेरून माणूस ठेवला तर काय द्यावं लागेल, ते आमच्याच एमआयडीसीतल्या दोघा कारखानदारांना आणि नोकरी लावून देणाऱ्या एका एजन्सीला विचारलं. उत्तरं बावीस ते सव्वीस लाखांच्या मध्ये आली. मग पगार २४ लाख ७५ हजार ठरवला. ७५ हजारांची वजावट जाऊन करपात्र रक्कम बरोबर चोवीस लाख राहते आणि तीस टक्क्यांचा टप्पा लागत नाही. बोर्डाचा ठराव केला, नेमणूकपत्र केलं, आणि पगार दर महिन्याला बँकेतून, त्याच तारखेच्या आसपास, पगारावरचा टीडीएस आणि व्यवसाय कर कापून. मार्चमध्ये नफा बघून पगाराचा आकडा ठरवणं हीच ती गोष्ट, जी पुढे लाभांशासारखी दिसते.

त्यात एक बारीक गोष्ट. ही रक्कम ‘प्रोफेशनल फी’ म्हणून दाखवली तर त्यावर कंपनीला उलट पद्धतीने जीएसटी भरावा लागतो. नोकरीचा पगार म्हणून, पगाराच्या कलमाखाली टीडीएस कापून दिली तर लागत नाही. आमचे काही ग्राहक निर्यातदार आहेत, त्यामुळे जीएसटीचं क्रेडिट आधीच अडकून असतं. त्यात आणखी भर नको होती.

आम्ही काय ठरवलं

चाळीस लाखांतून माझा पगार २४ लाख ७५ हजार. त्यावर माझा कर ३ लाख १२ हजार. कंपनीत उरले १५ लाख २५ हजार, त्यावर कंपनीचा कर साधारण ३ लाख ८४ हजार, उरले ११ लाख ४१ हजार. त्यातून पाच लाख लाभांश: आईला दोन, मला तीन. माझ्या तीन लाखांवर ९३ हजार ६०० कर, आईच्या दोन लाखांवर शून्य. बाकी ६ लाख ४१ हजार कंपनीत.

सगळा कर मिळून ७ लाख ८९ हजार. सगळंच पगारात घेतलं असतं तर ७ लाख ८८ हजार झाला असता. जवळजवळ तेवढाच. पण आता आईच्या खात्यात तिचे दोन लाख आहेत आणि कंपनीकडे पुढच्या ऑर्डरचं तांबं घ्यायला सहा लाख. त्या सहा लाखांवर पुढे कधी लाभांश काढला तर कर लागेल, त्यामुळे हे अगदी फुकट नाही. लाभांशाऐवजी सगळं पगार-भेट असं केलं असतं तर वाचले असते ते त्रेपन्न हजार आम्ही सोडून दिले. आईला मी तो आकडा सांगितला. ती म्हणाली, “एवढं चालेल.” मलाही चाललं.

लाभांश देणं म्हणजे नुसतं पैसे ट्रान्सफर करणं नाही. आधी घसारा वजा करून नफा आहे का ते बघावं लागतं. बोर्ड शिफारस करतं आणि ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो मंजूर होतो. आमच्या सभेला दोनच माणसं, तरी इतिवृत्त लिहावं लागतं. जाहीर झाल्यापासून पाच दिवसांत ती रक्कम वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि तीस दिवसांत वाटायची. वर्षाला दहा हजारांच्या वर लाभांश असेल तर कंपनीने दहा टक्के टीडीएस कापायचा. आईने वयाची साठ वर्षं पूर्ण केलीत आणि तिचा कर शून्य आहे, म्हणून तिने कंपनीला फॉर्म १५एच दिला. नाहीतर तिचे वीस हजार कापले गेले असते आणि परताव्यासाठी विवरणपत्र भरून वाट बघावी लागली असती.

तिसरा, न सांगितलेला रस्ता

या सगळ्याचा कंटाळा येऊन काही जण पगारही घेत नाहीत आणि लाभांशही देत नाहीत. कंपनीच्या खात्यातून ‘उचल’ घेतात. ओळखीतल्या एका वर्कशॉपवाल्याने फ्लॅटच्या बुकिंगला असेच अठरा लाख कंपनीकडून घेतले आणि ताळेबंदात ते ‘संचालकास कर्ज’ म्हणून दाखवले. कंपनीकडे तेव्हा तीसेक लाखांचा साठलेला नफा होता.

खासगी कंपनीने दहा टक्के किंवा जास्त मतदानाचा हक्क असलेल्या भागधारकाला कर्ज दिलं, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ते कर्ज लाभांशच समजलं जातं. कंपनीला वजावट नाही, त्याच्या हातात मात्र पूर्ण अठरा लाखांवर स्लॅबचा कर. त्याने पाच महिन्यांत पैसे परत केले होते. त्याचा उपयोग झाला नाही. वर्ष संपण्याआधी कर्ज फेडलं तरी ते लाभांशच राहतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे त्याने लाभांशाचा कर भरला, आणि पैसेही परत केले.

ही गोष्ट ओळखायची खूण सोपी आहे. ताळेबंदात मत्तेच्या बाजूला तुमच्या नावाने रक्कम दिसत असेल, आणि दुसऱ्या बाजूला राखीव नफा असेल, तर त्याच दिवशी सीएला फोन करा. मी मात्र पैसे हवे असतील तर पगारातूनच घेते. आणि माझं स्वतःचं कर्ज कंपनीला दिलेलं असेल तर ते परत घेते, कारण त्या परतफेडीवर कर नसतो.

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही हा तक्ता पुन्हा मांडणार आहोत. त्यात बदलू शकतील अशा तीनच ओळी आहेत. माझ्या कामाचा बाजारभाव वाढला का, ही पहिली. आईचं पेन्शन, ठेवींचं व्याज आणि लाभांश मिळून बारा लाखांच्या जवळ जातंय का, ही दुसरी, कारण त्या रेषेच्या पलीकडे तिचा शून्य कर संपतो. आणि तिसरी, कंपनीला पुढच्या सहा महिन्यांत किती पैसे लागणार. पहिली ओळ मी भरते, तिसरी दोघी मिळून. दुसरी ओळ आई तिच्या पासबुकावरून स्वतः भरते आणि मला ते पासबुक दाखवत नाही.